चंद्र अंड्यासारखा का दिसला?

एका छोट्या सभागृहात मला आकाशदर्शनावर बोलायचं होतं. पहिल्याच स्लाइडवर पौर्णिमेच्या चंद्राचा फोटो होता आणि पडद्यावर तो उभ्या अंड्यासारखा उमटला. आयोजकांपैकी एक जण लगेच म्हणाले, "प्रोजेक्टर जुना, चौकोनी आहे. रुंद स्लाइड त्यात मावत नाही. स्लाइड ४:३ करून घ्या, सर." असा प्रसंग आला की बहुतेक ठिकाणी हाच सल्ला मिळतो. मीही तो मानला, आणि चंद्र सुधारण्याऐवजी आणखी लहान झाला. का, ते नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण या गडबडीत प्रोजेक्टरचा दोष जवळजवळ नसतोच.

आपण 'चौकोनी' म्हणतो तो प्रोजेक्टर चौरस नसतो. त्याच्या आतल्या चिपवर आडवे १०२४ आणि उभे ७६८ ठिपके असतात, म्हणजे रुंदी आणि उंची ४:३. आजची स्लाइड १६:९ असते. पॉवरपॉइंटमध्ये २०१३च्या आवृत्तीपासून नवी फाइल उघडली की १३.३३ इंच रुंद आणि ७.५ इंच उंच स्लाइड मिळते. त्याआधी ती १० बाय ७.५ इंचांची असायची. रुंद स्लाइड ४:३च्या चौकटीत न चेपता बसवायची तर ती १०२४ × ५७६ ठिपक्यांत बसते आणि वरखाली ९६-९६ ठिपक्यांच्या काळ्या पट्ट्या राहतात. पडद्याचा पाव भाग रिकामा राहतो, पण चंद्र गोल राहतो. या पट्ट्या म्हणजे बिघाड नव्हे.

मग माझा चंद्र अंड्यासारखा का झाला? पडदा १६० सेंटिमीटर रुंद आणि १२० उंच होता. टेप लावून मोजलं तर चंद्राची उंची ९६ सेंटिमीटर भरली आणि रुंदी ७२. भागाकार नेमका पाऊण. हा आकडा महत्त्वाचा आहे, कारण १६:९ची चौकट ४:३मध्ये दाबून बसवली की रुंदी नेमकी पाऊणपट होते. म्हणजे कोणीतरी अख्खं चित्र दोन्ही बाजूंनी चेपलं होतं.

चित्र पडद्यावर पोहोचेपर्यंत तीन हातांतून जातं. आधी पॉवरपॉइंट स्लाइडला स्क्रीनमध्ये बसवतो. मग लॅपटॉप त्या स्क्रीनचा सिग्नल बनवून पाठवतो. शेवटी प्रोजेक्टर तो सिग्नल आपल्या ठिपक्यांवर मांडतो. यातला पॉवरपॉइंट स्लाइड कधी चेपत नाही; जागा उरली तर तो काळी पट्टी सोडतो. माझा लॅपटॉप 'Duplicate'वर होता, म्हणजे स्वतःच्या स्क्रीनवर जे १९२० × १०८० चित्र होतं तेच प्रोजेक्टरला पाठवत होता. आणि प्रोजेक्टरच्या मेन्यूत 'Aspect' हा पर्याय 'Full'वर होता. त्याचा अर्थ, येईल ते चित्र पूर्ण चौकटीभर पसरव. चंद्र चेपला तो इथे.

आता आम्ही केलेले उपाय बघा. पहिला उपाय म्हणजे Design → Slide Size → Standard (4:3). पॉवरपॉइंटने विचारलं, 'Maximize' की 'Ensure Fit'? नाव ऐकून 'Ensure Fit' निवडलं. त्याने स्लाइडवरची प्रत्येक गोष्ट पाऊणपट लहान केली, म्हणजे रुंद मजकूर अरुंद स्लाइडवर मावावा. आता ही अरुंद स्लाइड लॅपटॉपच्या रुंद स्क्रीनवर दिसणार, म्हणून पॉवरपॉइंटने डावी-उजवीकडे काळ्या पट्ट्या सोडल्या. त्या पट्ट्यांसकट अख्खं चित्र प्रोजेक्टरने पुन्हा चेपलं. चंद्र झाला ७२ उंच, ५४ रुंद. अंडं तसंच, फक्त लहान.

मग कोणीतरी रिमोट घेऊन 'Full'चं 'Normal' केलं. चंद्र एकदम गोल झाला, सगळ्यांना हायसं वाटलं. पण तो होता ५४ सेंटिमीटरचा, आणि चित्राच्या चारही बाजूंना काळोख. कारण आता प्रोजेक्टरने वरखाली पट्ट्या सोडल्या होत्या, आणि डावी-उजवीकडच्या पट्ट्या पॉवरपॉइंटने आधीच सोडलेल्या होत्या.

पडद्याचा किती भाग उरला ते मोजू. प्रोजेक्टरच्या पट्ट्यांनी उरला पाऊण. त्यातला पाऊण पॉवरपॉइंटच्या पट्ट्यांनंतर उरला. स्लाइडच्या आतही 'Ensure Fit'ने वरखाली रिकामी जागा सोडली, म्हणून पुन्हा पाऊण. तीन वेळा पाऊण गुणलं की येतं ०.४२. मूळ रुंद स्लाइड नुसती ठेवून 'Normal' केलं असतं तर ७५ टक्के पडदा भरला असता आणि चंद्र ७२ सेंटिमीटरचा गोल दिसला असता. आम्ही स्लाइड 'दुरुस्त' करून ४२ टक्क्यांवर आलो.

चारही बाजूंना काळं दिसलं, की एक खूण पक्की समजा: पट्ट्या दोन वेगवेगळ्या ठिकाणी सोडल्या जात आहेत. अशा वेळी लॅपटॉपने पाठवलेल्या सिग्नलचा आकार प्रोजेक्टरच्या चिपशी जुळत नसतो, आणि तो जुळेपर्यंत स्लाइडमध्ये कितीही बदल केले तरी काही हाती लागत नाही.

इथे जाहिरातबाजीबद्दल एक गोष्ट बोललीच पाहिजे. कित्येक जुन्या प्रोजेक्टरवर 'फुल एचडी सपोर्ट' असं ठळक छापलेलं असतं. त्याचा अर्थ एवढाच, की १९२० × १०८० सिग्नल आला तर तो स्वीकारतो. दाखवणार मात्र स्वतःच्या १०२४ × ७६८ ठिपक्यांवरच. माहितीपत्रकात 'नेटिव्ह रिझोल्यूशन' हा शब्द शोधा, खरं तिथे लिहिलेलं असतं. सोनेरी मुलाम्याची महाग केबल घेऊनही चिपवरचा एक ठिपका वाढत नाही.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. जुन्या प्रोजेक्टरला बऱ्याचदा निळ्या तोंडाची व्हीजीए केबल असते, आणि तिच्यातून जाणाऱ्या सिग्नलमध्ये ठिपके नसतातच! लाल, हिरवा आणि निळा अशा तीन तारांवर फक्त सतत वरखाली होणारा विद्युतदाब असतो. आणखी दोन तारांवर टिचक्या येतात: एक प्रत्येक ओळ सुरू होताना, दुसरी प्रत्येक चित्र सुरू होताना. प्रोजेक्टर या टिचक्या मोजून ओळी किती आहेत ते सांगू शकतो. पण एका ओळीत ठिपके किती, हे मोजायला सिग्नलमध्ये काहीच नाही. ओळ म्हणजे एक अखंड लाट. तिचे १०२४ तुकडे करायचे की १३६६, हे प्रोजेक्टरने अंदाजाने ठरवायचं असतं. अंदाजासाठी त्याच्याकडे एक कोष्टक असतं: अमुक वेगाने इतक्या ओळी आल्या तर ते चित्र अमुक मापाचं.

अनेक लॅपटॉपची स्क्रीन १३६६ × ७६८ असते. त्या मापात आणि १०२४ × ७६८मध्ये दिसणाऱ्या ओळी सारख्याच, ७६८. दोन्हींत सेकंदाला सुमारे ४८ हजार ओळी जातात. आणि दोन्हींत ओळीच्या एकूण वेळापैकी चित्राला मिळणारा वाटाही जवळजवळ तितकाच, ७६ टक्के. प्रोजेक्टरच्या कोष्टकात रुंद माप नसेल, तर त्याला हे दोन सिग्नल वेगळे ओळखण्याचा मार्गच उरत नाही. तो १३६६ ठिपक्यांची ओळ १०२४ तुकड्यांत कापतो आणि चित्र पुन्हा पाऊणपट चेपलं जातं, 'Aspect' 'Normal'वर असतानाही. हे कसं ओळखायचं? चंद्र अंडाकृती, शिवाय बारीक अक्षरं ठराविक अंतरावर पुसट झालेली, कधी एखादी कड किंचित कापलेली. प्रोजेक्टरच्या मेन्यूत माप निवडण्याची सोय असेल, तर तिथे 'Auto'ऐवजी 'Wide' करून पाहावं. पण खात्रीचा उपाय वेगळा आहे: त्याचा अंदाज चुकूच नये असा सिग्नल पाठवायचा.

तोच उपाय वरच्या सगळ्या भानगडींनाही लागू पडतो. विंडोजमध्ये Win + P दाबून 'Extend' निवडा, म्हणजे लॅपटॉपची स्क्रीन आणि प्रोजेक्टर यांची मापं वेगवेगळी ठेवता येतात. मग Settings → System → Display मध्ये प्रोजेक्टरची चौकट निवडून 'Display resolution' १०२४ × ७६८ करा. पॉवरपॉइंटच्या 'Slide Show' पट्टीत 'Monitor'समोर प्रोजेक्टर निवडा. आता चिपच्या प्रत्येक ठिपक्याला लॅपटॉपचा एकेक ठिपका मिळतो, प्रोजेक्टरला चेपायला काही उरत नाही, आणि पट्ट्या सोडायच्या तर त्या पॉवरपॉइंट एकटाच सोडतो.

कधीकधी यादीत १०२४ × ७६८ दिसतच नाही. प्रोजेक्टर आपली मापं लॅपटॉपला केबलमधल्या वेगळ्या बारीक तारांवरून कळवतो. स्वस्त केबलमध्ये त्या जोडलेल्याच नसतात, किंवा मधला कन्व्हर्टर स्वतःचीच मापं सांगतो. तेव्हा 'Advanced display'मधून 'Display adapter properties' उघडून 'List All Modes'मध्ये शोधावं.

सिग्नल जुळल्यावर मात्र स्लाइड ४:३ करण्यात अर्थ आहे, तोही 'Maximize' निवडून. तेव्हा काहीच लहान होत नाही. फक्त डावी-उजवीकडचे सुमारे पावणेदोन-पावणेदोन इंच स्लाइडच्या बाहेर जातात. माझा चंद्र स्लाइडच्या मधोमध होता. त्याला याचा काहीच त्रास नव्हता आणि तो ९६ सेंटिमीटरचा, पूर्ण गोल दिसला. पण त्याच फाइलमध्ये ग्रहांच्या मापांचा सहा रकान्यांचा तक्ता होता. त्याचा पहिला आणि शेवटचा रकाना कापला गेला. असे तक्ते, रुंद नकाशे, दोन फोटो शेजारी ठेवलेल्या स्लाइड हाताने पुन्हा मांडाव्या लागतात, आणि बोलायला दहा मिनिटं उरलेली असताना ते होत नाही.

अशा वेळी फाइल रुंदच ठेवावी आणि पट्ट्या राहू द्याव्या. फक्त अक्षरांचं माप तपासावं, कारण पट्ट्यांमुळे रुंद स्लाइडवरचं २४चं अक्षर पडद्यावर ४:३ स्लाइडवरच्या १८च्या अक्षराएवढंच दिसतं. मागच्या रांगेसाठी १८ पुरेल असं वाटत असेल, तर रुंद स्लाइडवर ते २४ करावं लागतं.