रेट लिमिट वाढवून मागताना मेलमध्ये कोणते आकडे द्यावेत

चिक्कोडी-निपाणी भागातल्या 40 दूध संकलन केंद्रांचं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळतो. दूध घातलं की उत्पादकाच्या मोबाइलवर लिटर, फॅट आणि रकमेचा मेसेज जातो. मेसेज पाठवणाऱ्या कंपनीने आम्हाला मिनिटाला 60 रिक्वेस्टची मर्यादा दिली होती. ती वाढवून मागणारा आमचा पहिला मेल एका ओळीत परत आला: तुमचा वापर मर्यादेच्या जवळपासही नाही.

चूक आकड्याची होती. आम्ही लिहिलं होतं, दिवसाला 9,000 मेसेज. त्याला 1,440 मिनिटांनी भागलं की मिनिटाला सहाच पडतात, आणि मेल वाचणारा नेमका तोच भागाकार करतो. पण रात्री दोनला कोण दूध घालतं? सगळी गर्दी सकाळ-संध्याकाळच्या संकलनाला असते. म्हणून सरासरी देऊ नका, सर्वांत गर्दीचं मिनिट द्या. लॉगमधली प्रत्येक ओळ `2025-01-14T06:52:10` अशी सुरू होत असेल, तर ते असं सापडतं:

```
cut -c1-16 api.log | sort | uniq -c | sort -rn | head -5
```

आमच्याकडे 6:52 च्या मिनिटाला 190 रिक्वेस्ट निघाल्या. हा आकडाही तसाच पाठवू नका. त्यातल्या 70 रिक्वेस्ट म्हणजे `429` उत्तर आल्यावर आमच्याच प्रोग्रॅमने लगेच केलेले पुन्हा प्रयत्न होते. कंपनीला हे तिच्या बाजूने दिसतं, आणि तुम्ही `Retry-After` पाळत नाही एवढ्यावरून अर्ज अडतो. आधी थांबून पुन्हा पाठवण्याची दुरुस्ती करा आणि ती केल्याचं मेलमध्ये लिहा. खरी गरज 120 ची होती. आणखी 10 केंद्रं जोडायची होती, म्हणून आम्ही 150 मागितले. हा हिशेब मेलमध्ये तसाच मांडला. उगाच 1,000 मागितले की प्रश्नच वाढतात.

वेळेपुढे आयएसटी लिहायला विसरू नका. आपली सकाळची 6:52 त्यांच्या यूटीसीतल्या तक्त्यात 1:22 असते. तिथे 6:52 ला शोधलं तर काहीच दिसत नाही, आणि तुमचा आकडा खोटा ठरतो. हे आमच्याबाबतीत झालंय.

कंपनीचं नाव, खाते क्रमांक, संपर्काचा माणूस या गोष्टी नेहमीच्याच.

सँडबॉक्सची मागणी त्याच मेलमध्ये, पण वेगळ्या परिच्छेदात करा आणि कशासाठी हवा ते नेमकं सांगा. आमचं कारण भाषेचं होतं. इथे काही उत्पादकांना मेसेज कन्नडमध्ये लागतो, काहींना मराठीत. दोन्ही लिप्यांत एका एसएमएसमध्ये 70 अक्षरचिन्हंच मावतात, काना-मात्राही त्यात मोजली जाते, म्हणून मेसेज तुटून दोन होतात. ही चाचणी खऱ्या उत्पादकांच्या नंबरवर करणं बरं नाही. एवढं लिहिल्यावर कंपनीने कारण पुन्हा विचारलं नाही.

अडलं ते स्थिर आयपीवर. ऑफिसच्या साध्या ब्रॉडबँडचा आयपी बदलत राहतो आणि कंपनीला नोंदवायला कायमचा लागतो. सर्व्हर भाड्याचा असेल तर त्याचा आयपी द्या आणि चाचणीही तिथूनच चालवा.