प्रबंधातल्या विश्लेषण प्रकरणात गहाळ आणि टोकाच्या नोंदींचा हिशेब: कोणती नोंद गाळता येते, कोणती कागदपत्रं लागतात

उदाहरण कुपोषणाच्या अभ्यासाचं घेऊ. समजा, अंगणवाड्यांतल्या पाच वर्षांखालच्या 640 मुलांची उंची मोजायची होती आणि प्रबंधातल्या तक्त्यात मात्र 583 मुलं दिसतात. परीक्षकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: उरलेली 57 कुठे गेली? उत्तर प्रकरणाच्या पहिल्याच पानावर, तक्त्यांच्या आधी हवं. 18 मुलांची जन्मतारीख मिळाली नाही, 34 जणांची उंची घेता आली नाही आणि 5 नोंदी अशक्य म्हणून गाळल्या, असं सरळ वजाबाकीत लिहा.

गाळण्यास पात्र कोण?

नोंद गाळण्याची मर्यादा आकडे हाती येण्याआधी, संशोधन आराखड्यातच ठरलेली असावी. वयानुसार उंचीच्या झेड स्कोअरसाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या 2006 च्या वाढ मानकांत ती दिलेली आहे: −6 पेक्षा कमी किंवा +6 पेक्षा जास्त आलं, तर नोंद संशयास्पद. वयानुसार वजनासाठी −6 ते +5 आणि उंचीनुसार वजनासाठी −5 ते +5 अशा वेगळ्या मर्यादा आहेत.

इथे बरेच जण पाठ्यपुस्तकातला चतुर्थकांचा नियम लावतात आणि फसतात. आपल्या नमुन्याची सरासरी −1.5 आणि प्रमाण विचलन 1.31 असेल, तर त्या नियमाची खालची सीमा साधारण −5 वर येते. म्हणजे −5.3 चं मूल बाद. पण ते मूल खरोखरच अतितीव्र खुजं असू शकतं आणि अभ्यास त्याच्यासाठीच तर होता! नोंद विरळ आहे एवढ्यावरून ती चूक ठरत नाही.

मर्यादेबाहेर गेलेली नोंदही लगेच गाळू नये. आधी मूळ फॉर्म काढावा. आपल्या उदाहरणात अशा 9 नोंदी निघाल्या. त्यातल्या 4 फॉर्मवरून दुरुस्त झाल्या. एका ठिकाणी 85.3 सेंमीचं टंकताना 58.3 झालं होतं. उरलेल्या 5 फॉर्मवरही तशाच होत्या, म्हणून गाळल्या. आर मधलं `anthro` पॅकेज वापरत असाल, तर गाळण्याची ओळ एवढीच:

```r
d$haz <- ifelse(d$flen == 1, NA, d$zlen)
```

त्याआधी एक तपासा: न घेतलेली उंची 999 अशी भरलेली नाही ना? तसं असेल तर ती गहाळ न राहता भलामोठा आकडा बनून हिशेबात शिरते.

गहाळ नोंदींचं काय लिहायचं?

किती गहाळ, यापेक्षा कोणाच्या गहाळ हे महत्त्वाचं. त्या 34 पैकी 26 मुलं दोन वर्षांखालची निघाली, तर एकूण 640 मध्ये या वयाची 250च होती. कारण उघड आहे: या मुलांना फळीवर आडवं झोपवून मोजावं लागतं, दोन माणसं लागतात, मूल रडतं. तेव्हा ‘नोंदी योगायोगाने गहाळ आहेत’ असं लिहिता येणार नाही. वयोगटनिहाय तक्ता द्या आणि दोन्ही टोकं मोजून दाखवा. 583 पैकी 204 मुलं खुजी, म्हणजे 35.0 टक्के. उंची न मोजलेली 34 मुलंही धरून ती सगळी खुजी मानली तर 38.6, एकही नाही मानलं तर 33.1. सत्य या पट्ट्यात आहे, हे वाचकाला स्वतः पाहता येतं.

जन्मतारीख नसलेल्या 18 मुलांना अंदाजाने वय देऊ नका; लहान वयात दोन-तीन महिन्यांच्या फरकानेही झेड स्कोअर बराच हलतो. मात्र उंचीनुसार वजनाला वय लागत नाही, त्यामुळे त्या तक्त्यात ती राहू शकतात. म्हणून प्रत्येक तक्त्याखाली त्याची स्वतःची संख्या छापा.

जोडायची कागदपत्रं

परिशिष्टात बदलांची नोंदवही हवी: मुलाचा सांकेतिक क्रमांक (नाव नव्हे), जुना आकडा, नवा आकडा, कारण आणि तारीख. हात न लावलेली मूळ फाइल, साफ केलेली फाइल आणि एकीवरून दुसरी करणारा कोड मार्गदर्शकांकडे द्यावा. एक्सेलमध्ये थेट मूळ खान्यात दुरुस्ती केली असेल, तर या हिशेबाला पुरावाच उरत नाही.

शेवटी, त्या 5 नोंदी ठेवून केलेलं गणितही एका ओळीत द्या. समजा त्यांतल्या तीन −6 च्या खाली आणि दोन +6 च्या वर आहेत. मग प्रमाण 35.0 वरून 35.2 होतं, पण प्रमाण विचलन 1.31 वरून 1.44 च्या आसपास जातं. टक्केवारीला फरक पडत नाही, सरासरीच्या तुलनांना मात्र पडू शकतो. कोणत्या तक्त्याला धक्का बसतो ते त्याच ओळीत नमूद करा.