आठ बिटांच्या गुणाकारातला हातचा

महापे एमआयडीसीतल्या एखाद्या गाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशव्या कापणारं यंत्र चालू आहे असं समजू. रोलर फिरला की सेन्सर पल्स देतो आणि दर पल्सला फिल्म ५११ मायक्रॉन पुढे सरकते. ७६७ पल्स झाल्यावर किती फिल्म सरकली? उत्तर ३९१९३७ मायक्रॉन, म्हणजे साधारण ३९२ मिलिमीटर. पण बोर्डावर ८०५१ हा आठ बिटांचा मायक्रोकंट्रोलर आहे, आणि त्याची `MUL AB` ही सूचना फक्त ० ते २५५ मधल्या दोन संख्यांचा गुणाकार करते. उत्तराचा खालचा बाइट `A` मध्ये मिळतो, वरचा `B` मध्ये.

मग आपण कागदावर करतो तसंच करायचं, फक्त दहाऐवजी २५६ च्या पायावर. ७६७ म्हणजे २×२५६ + २५५ आणि ५११ म्हणजे १×२५६ + २५५. चार छोटे गुणाकार होतात: २५५×२५५, २×२५५, २५५×१ आणि २×१. पहिल्याचं उत्तर तळाशी ठेवायचं, मधली दोन एक बाइट डावीकडे सरकवून आणि शेवटचं दोन बाइट सरकवून मिळवायचं. एकूण उत्तराला जास्तीत जास्त चार बाइट लागतात.

गुणाकार सोपे आहेत, खरी परीक्षा बेरजेत आहे. आपल्या उदाहरणात दुसऱ्या बाइटमध्ये २५४, २५४ आणि २५५ एकत्र येतात. बेरीज ७६३ होते, म्हणजे बाइटमध्ये २५१ राहतात आणि हातचे दोन येतात. हा हातचा ८०५१ कॅरी बिटात ठेवतो. तिथे एका वेळी एकच मावतो, आणि मुख्य म्हणजे `MUL` प्रत्येक वेळी कॅरी शून्य करून टाकते. बेरीज केली, मग पुढचा गुणाकार केला आणि त्यानंतर हातच्यासकट बेरीज करणारं `ADDC` लिहिलं, तर हातचा केव्हाच पुसला गेलेला असतो.

म्हणून मला पुढचा क्रम सर्वांत सुरक्षित वाटतो. `R3:R2` आणि `R5:R4` या रजिस्टरांमध्ये आपल्या दोन संख्या आहेत, वरचा बाइट आधी. तळाचा आणि सर्वांत वरचा गुणाकार आधी करून मेमरीत `30h` ते `33h` मध्ये ठेवायचे, कारण ते एकमेकांवर चढत नाहीत. मग मधला एकेक गुणाकार घेऊन त्याचा हातचा शेवटपर्यंत पोचवायचा:

```
MOV  A,R3
MOV  B,R4
MUL  AB
ADD  A,31h
MOV  31h,A
MOV  A,B
ADDC A,32h
MOV  32h,A
CLR  A
ADDC A,33h
MOV  33h,A
```

`MOV` आणि `CLR A` कॅरीला हात लावत नाहीत, म्हणून तो तीनही बेरजांमधून सुखरूप जातो. दुसऱ्या मधल्या गुणाकारासाठी हेच `R2` आणि `R5` घेऊन पुन्हा लिहायचं.

हातचा हरवल्याची खूण ठरलेली असते: उत्तर ६५५३६ च्या पटीत कमी येतं. आपल्या उदाहरणात दोन्ही हातचे गेले तर २६०८६५ मायक्रॉन दिसतील. यंत्राच्या हिशेबाने फिल्म अजून १३१ मिलिमीटर सरकायची बाकी असेल आणि पिशवी लांब कापली जाईल. ३००×२०० घेऊन तपासलं तर हे कळणार नाही, कारण तिथे हातचा येतच नाही. तपासायला `FFFFh` गुणिले `FFFFh` घ्यावं. उत्तर `FFFE0001h` यायला हवं. मात्र ही सगळी रीत बिनचिन्ह संख्यांची आहे. ऋण संख्या असेल तर चिन्ह आधी बाजूला काढून ठेवायचं आणि उत्तराला शेवटी लावायचं.