डंगरी, जंपसूट, रॉम्पर: नावांचा घोळ

डंगरी हे आधी कापडाचं नाव होतं. मुंबईच्या डोंगरी भागात विकलं जाणारं जाडंभरडं सुती कापड सतराव्या शतकात इंग्रज व्यापाऱ्यांच्या कागदपत्रांत शिरलं आणि पुढे त्याच्या कामकरी कपड्यांनाही तेच नाव चिकटलं. मग वाटा फुटल्या. अमेरिकेत डंगरी म्हणजे साधी डेनिमची पँट. ब्रिटनमध्ये मात्र छातीवर तुकडा आणि खांद्यावर पट्टे असलेली. आपण ब्रिटिश अर्थ उचलला.

जंपसूटचा इतिहास धाकटा. 1919-20च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये एका कलावंताने अंगभर एकसंध पोशाख बेतला आणि त्याचा कागदी नमुना वर्तमानपत्रातून लोकांपर्यंत पोचवला. नाव मात्र पॅराशूटने उडी मारणाऱ्यांच्या पोशाखावरून आलं. बाह्या, पाठ, कंबर सगळं एकात. पुढे नाहीतर मागे लांब चेन. आत शर्ट लागत नाही.

खरा वाद आखूड पायांच्या कपड्यांचा आहे. रॉम्पर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लहान मुलांसाठी रुळला. बाळांच्या रॉम्परला लंगोट बदलायला दोन पायांमध्ये दाबबटणं असतात. प्लेसूट 1930-40च्या दशकांत समुद्रकिनाऱ्यावरच्या बायकांच्या कपड्यांत आला, बऱ्याचदा वरून बटणांचा स्कर्ट चढवायची सोय असलेला. आता मोठ्यांचा तोच आखूड कपडा अमेरिकेत रॉम्पर आणि ब्रिटनमध्ये प्लेसूट म्हणून विकतात. दोघांत कटचा फरक शोधत बसणं म्हणजे वेळ घालवणं.

पण मांडीपर्यंतची, पट्टेवाली डंगरी? दुकानदार तिलाही सर्रास रॉम्पर म्हणतात, पाय आखूड दिसले की झालं. मला ते पटत नाही. आयात-निर्यातीचं जागतिक वर्गीकरणही लांबीपेक्षा घडण पाहतं: मागावर विणलेल्या कापडाची डंगरी विजारींसोबत 6203 किंवा 6204 या शीर्षकाखाली जाते, गुडघे उघडे राहिले तरी, मोठ्यांचा जंपसूट 6211 खाली, इतर कपड्यांत.

समजा, आखूड पायांचा एक कपडा समोर आहे. खांद्यावर पट्टे आहेत, पण पाठ पूर्ण झाकलेली, काखेखालची शिवण सलग, मागे चेन. पट्ट्यांना बक्कल लावलेलं असलं तरी ते शोभेचं, कारण ते न काढताही कपडा उतरतो. हा प्लेसूट. याउलट पाठीवर नुसते पट्टे, बगलेत मोकळी जागा, कमरेला दोन्ही बाजूंना काजबटणं आणि पट्ट्याची कडी बटणात अडकवलेली असेल, तर ती सोडल्यावर पुढचा तुकडा खाली लोंबतो आणि उरते चड्डी. ती डंगरी, पाय कितीही आखूड असोत. आत शर्ट नसेल तर ती घालून बाहेर पडणं अवघडच.