मत लपतं, पण कोणापासून?

"स्टोरीवरच्या पोलला उत्तर दिलं तर समोरच्याला फक्त टक्केवारी दिसते ना?" हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेलाय की एकदा नीट लिहूनच काढतो. इन्स्टाग्रामवर तुम्हाला टक्केवारी दिसते, पण स्टोरी टाकणाऱ्याला त्याहून बरंच काही दिसतं. त्याने स्वतःची स्टोरी उघडून बोटाने वर सरकवली की कोणी 'हो' म्हटलं आणि कोणी 'नाही', हे नावांसकट समोर येतं. क्विझमध्येही तसंच. प्रश्नाच्या स्टिकरने तर पुष्कळ जण फसतात. आलेलं उत्तर स्टोरीवर लावताना पाठवणाऱ्याचं नाव दिसत नाही, म्हणून उत्तरं निनावी असतात असा समज होतो. प्रत्यक्षात नाव फक्त इतर प्रेक्षकांपासून झाकलेलं असतं. विचारणाऱ्याला ते पहिल्यापासून दिसतच असतं.

पण नाव मुळात नोंदवावंच का लागतं? एका माणसाला एकच मत, एवढी साधी अट पाळायची म्हणून. तुम्ही आधी मत दिलंय की नाही, हे ओळखायचं तर कुठेतरी तुमचं खातं आणि हा पोल यांची जोडी लिहून ठेवावी लागते. मत बदलायची सोय असेल तर तुमचं जुनं उत्तरही लक्षात ठेवावं लागतं, नाहीतर बेरजेतून वजा काय करणार? म्हणून बहुतेक ठिकाणी 'निनावी' म्हणजे 'नोंद नाही' असं नसतं. नोंद असते, फक्त ती कोणाला दाखवायची हे ठरलेलं असतं.

टेलिग्राम आणि व्हॉट्सअॅप यांची तुलना करून पाहा. टेलिग्रामच्या ग्रुपमधला पोल मुद्दाम बदलला नाही तर निनावी असतो. ग्रुपमधल्या कोणालाही, अगदी पोल टाकणाऱ्यालाही, कोणाचं मत काय ते दिसत नाही. मतं मात्र कंपनीच्या सर्व्हरवर मोजली जातात, त्यामुळे सर्व्हरला ती कळतात.

व्हॉट्सअॅपवर बरोबर उलटं घडतं. तिथे संदेश फोनवरच कुलूपबंद होऊन निघतो आणि समोरच्यांच्या फोनवर उघडतो. मधल्या सर्व्हरला मजकूर वाचता येत नाही. मग मतं मोजायची कोणी? प्रत्येक फोनने आपापली! तुम्ही पर्यायावर बोट ठेवलंत की तुमचा फोन एक कुलूपबंद संदेश पाठवतो. त्यात पर्यायाचा मजकूरही नसतो. असतो तो त्या मजकुरावरून गणिताने काढलेला ३२ बाइटचा ठसा. इतरांचे फोन कुलूप उघडतात, आपल्याकडच्या पर्यायांचे ठसे काढून कोणता जुळतो ते बघतात आणि त्या पर्यायात एकाची भर घालतात. तुम्ही मत बदललंत की नवा संदेश जातो आणि तुमच्या जुन्या संदेशाची जागा घेतो. जुना संदेश कोणाचा होता हे माहीत असल्याशिवाय ही अदलाबदल करता येणार नाही. म्हणून इथे कंपनीला मत दिसत नाही, पण ग्रुपला नावानिशी दिसतं. ही मोजणी खरोखर फोनवरच होते याची खूणही सापडते: एखाद्याचा फोन इंटरनेटविना पडलेला असेल, तर नव्या मतांचे संदेश पोहोचेपर्यंत त्याच्या स्क्रीनवरची बेरीज इतरांपेक्षा मागे राहते.

दरम्यान, 'निनावी उत्तर कोणी दिलं ते दाखवतो' असं सांगून पैसे मागणाऱ्या अॅपवर विश्वास ठेवू नका. दाखवायची नोंद ज्याच्याकडे नाही, तो दाखवणार कुठून?

नावं न दाखवताही मत फुटू शकतं, आणि तेही नुसत्या वजाबाकीने. नऊ जणांचा ग्रुप घ्या. निनावी पोल आहे आणि बेरीज जसजशी बदलते तसतशी दिसते. रात्री नऊ वाजता 'हो' ४ आणि 'नाही' ३ आहेत. दोघांचंच मत यायचंय. तेवढ्यात त्यांतल्या एकाने ग्रुपमध्ये लिहिलं, "आत्ताच दिलं मी मत." आकडे झाले ४ आणि ४. त्याचं मत सगळ्यांना कळलं आणि त्यासाठी कोणाला काही फोडावं लागलं नाही. ग्रुप हजारांचा असता आणि त्याच मिनिटाला पन्नास मतं पडली असती, तर ही वजाबाकी निरुपयोगी ठरली असती.

यावर उपाय म्हणजे मतदान बंद होईपर्यंत बेरीज कोणालाच न दाखवणं. त्याने वजाबाकी थांबते, पण लहान ग्रुपात तेवढंही पुरत नाही. नऊच्या नऊ मतं 'नाही'वर पडली, तर प्रत्येकाने काय उत्तर दिलं हे शेवटच्या आकड्यावरूनच कळतं.