मासिक पाळीचे चक्र, व्यायाम आणि थकवा

मासिक पाळीच्या एका चक्रात अंगातली उमेद सारखी राहत नाही. व्यायाम करणाऱ्या बहुतेक बायकांना हे अनुभवाने ठाऊक असते. हा चढउतार किती असतो, तो कशामुळे होतो आणि त्यासाठी व्यायामात काय बदलावे, याची ही नोंद आहे. उदाहरणे नाशिकच्या धावणाऱ्यांची घेतली आहेत. कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर, गोल्फ क्लब मैदानावर आणि पांडवलेणीच्या पायऱ्यांवर पहाटे बायका मोठ्या संख्येने दिसतात, आणि इथली थंडी व उन्हाळा दोन्ही टोकांचे असल्याने चक्राचा परिणाम इथे चटकन लक्षात येतो.

चक्राचा पहिला दिवस म्हणजे रक्तस्राव सुरू होण्याचा दिवस. तिथपासून अंडोत्सर्गापर्यंतच्या काळाला पुटकावस्था म्हणतात, आणि अंडोत्सर्गापासून पुढच्या पाळीपर्यंतच्या काळाला पीतपिंडावस्था. पीतपिंडावस्था साधारण १२ ते १४ दिवसांची असते आणि फारशी बदलत नाही. चक्र लांबते किंवा आखडते ते मुख्यतः पुटकावस्थेमुळे. म्हणून ३४ दिवसांचे चक्र असणारीने चौदाव्या दिवशी अंडोत्सर्ग झाला असे धरले, तर तिचा हिशेब जवळपास आठवडाभर चुकतो. मोबाइलवरची पाळीची ॲपही बहुधा मागच्या तारखांवरून अंदाज बांधतात. अंडाशयात खरोखर काय चालले आहे, ते त्यांना दिसत नाही.

पाळीच्या पहिल्या दोन दिवसांत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही दोन्ही संप्रेरके कमी असतात. पण त्या दिवसांत व्यायाम नकोसा वाटतो त्याचे मोठे कारण प्रोस्टाग्लँडिन हे आहे. गर्भाशयाच्या अस्तरातून सुटणारी ही द्रव्ये गर्भाशय आवळतात. त्यातून ओटीपोटात कळा येतात, कंबर भरून येते, काहींना जुलाब आणि मळमळही होते. वेदनेने झोप मोडते आणि न झोपलेले शरीर दुसऱ्या दिवशी जड वाटते. ही अडचण स्नायूंच्या ताकदीची नसते. २०२० साली ७८ अभ्यास एकत्र करून केलेल्या एका पाहणीत पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत कामगिरी सरासरीने अगदी किंचित कमी आढळली. हा फरक इतका लहान होता आणि बरेच अभ्यास इतके कच्चे होते, की सगळ्यांसाठी एकच नियम काढता येणार नाही, प्रत्येकीने स्वतःच्या अनुभवावरून ठरवावे, असाच त्यांचा निष्कर्ष निघाला.

त्यामुळे समाजमाध्यमांवर फिरणारी ‘पहिल्या आठवड्यात फक्त योग, दुसऱ्यात वजने, चौथ्यात चालणे’ अशी वेळापत्रके फार मनावर घेऊ नयेत. महिन्यातले दोन आठवडे हलका व्यायाम केला तर ताकद वाढायची थांबते आणि हाती काही लागत नाही. वजन उचलण्याच्या व्यायामात तर अवस्थेनुसार बदल करण्याला ठोस आधारच नाही. बैठका जितक्या वजनाने चालू असतील तितक्यानेच चालू ठेवाव्यात. अंग दुखत असेल त्या दिवशी एखादा फेरा कमी केला म्हणजे पुरे.

शरीरक्रियेतला खरा, मोजता येणारा बदल पीतपिंडावस्थेत होतो. अंडोत्सर्गानंतर प्रोजेस्टेरॉन वाढते आणि विश्रांतीतले शरीराचे तापमान साधारण ०.३ ते ०.५ अंश सेल्सिअसने चढते. घाम सुटायला लागतो तोही आता थोड्या वरच्या तापमानाला. श्वासाचे प्रमाण किंचित वाढते, आणि सकाळी उठल्यावरची नाडी मिनिटाला दोन-चार ठोक्यांनी जास्त भरते. डिसेंबरात, निफाडकडून येणाऱ्या बोचऱ्या थंडीत, याचा पत्ताही लागत नाही. एप्रिलमध्ये मात्र सकाळी ऊन चढू लागले की तीच धाव अचानक अवघड होते. शरीर आधीच थोडे तापलेले असते आणि उष्णता बाहेर टाकायला उशिरा सुरुवात करते.

एक उदाहरण तपशिलाने पाहू. समजा, गंगापूर रोडला राहणारी, बँकेत नोकरी करणारी एक बाई आहे. चक्र २८-२९ दिवसांचे आणि नियमित आहे. ती मंगळवारी ६ किलोमीटर सावकाश धावते, गुरुवारी ४०० मीटरचे सहा वेगवान फेरे मारते आणि रविवारी १० किलोमीटर धावते. रविवारी तिचा वेग किलोमीटरला ७ मिनिटे असतो, म्हणजे एकूण ७० मिनिटे लागतात.

तिची पाळी गुरुवारी पहाटे सुरू झाली आणि कळा येत आहेत. अशा दिवशी वेगवान फेरे शनिवारी ढकलावेत आणि गुरुवारी अर्धा तास चालावे, किंवा घरीच सावकाश सूर्यनमस्कार घालावेत. कळा नसतील तर ढकलायचे कारण नाही. ठरवता येत नसेल तर दहा मिनिटे हळू धावून पाहावे. अंग मोकळे झाले तर ठरलेले करावे, दुखणे वाढले तर घरी परतावे. बऱ्याच जणींच्या कळा हालचालीने कमीच होतात. आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी पाऊण ते एक तास नियमित व्यायाम करणाऱ्यांचे पाळीतले दुखणे कालांतराने कमी होते, असा पुरावाही आहे, जरी तो फार भक्कम नसला तरी. सोमवारपर्यंत, म्हणजे पाचव्या दिवशी, तिची उमेद परत आलेली असते.

चक्राच्या पंचविसाव्या दिवशी रविवार येतो. महिना एप्रिलचा आहे, आणि ती सवयीप्रमाणे साडेसहाला निघते. पाचव्या किलोमीटरला घड्याळावर नाडी नेहमीपेक्षा सहा ठोके जास्त दिसते आणि ७ मिनिटांचा वेग धरवत नाही. इथे दोन गोष्टी करता येतात. वेग ७ मिनिटे २० सेकंदांवर आणायचा, म्हणजे तीच धाव सुमारे ७३ मिनिटांत होते. नाही तर साडेपाचला निघायचे. दुसरा उपाय अधिक चांगला, कारण तो उष्णतेवरच आहे. वेग राखण्याच्या हट्टापायी ऊर फुटेस्तोवर धावणे हा मात्र नुसता तोटा आहे. त्या आठवड्यात वेगाऐवजी दमणुकीचा अंदाज धरून धावावे. दहापैकी चार-पाच दमणूक म्हणजे बोलता बोलता धावता यावे इतकी.

याच दिवसांत झोप बिघडते, भूक वाढते, चिडचिड होते. भूक वाढली तर खावे. वाढलेल्या भुकेला ‘संयम नाही’ म्हणून दाबून वर सोमवारचा उपवास आणि रविवारची लांब धाव जोडली, की सोमवारी-मंगळवारी जाणवणारा थकवा हार्मोनचा नसून उपाशीपोटीचा असतो.

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे थकवा चक्राबरोबर येतो-जातो की मुक्काम ठोकून बसतो, हे ओळखणे. वहीत रोज तीन गोष्टी लिहाव्यात: चक्राचा दिवस, उठल्यावरची नाडी, आणि त्या दिवशीच्या व्यायामाची दमणूक दहापैकी किती. तीन चक्रे लिहिले की आकृती दिसू लागते. पाळीच्या आधीचे चार दिवस आणि पहिले दोन दिवस जड, मधले हलके, असे दिसले तर वर सांगितलेल्या तडजोडी पुरतात. सातव्या-दहाव्या दिवशीही पांडवलेणीच्या पायऱ्या चढताना पूर्वी लागत नव्हती अशी धाप लागत असेल, तर दोष अवस्थेचा नाही. अशा वेळी आधी शंका घ्यावी ती लोहाची.

एका पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जाते. एका मिलिलिटरमध्ये अंदाजे अर्धा मिलिग्रॅम लोह असते, म्हणजे सुमारे १५ ते २० मिलिग्रॅम लोह दर महिन्याला बाहेर पडते. ८० मिलिलिटरहून जास्त स्राव हा अतिस्राव. तो घरी मोजता येत नाही, पण दर तासा-दोन तासाला पॅड बदलावे लागणे आणि मोठ्या गाठी पडणे या त्याच्या खुणा आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला, तेव्हा ही शंका दूरची नाही. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर रक्तक्षय. पण ते १२ च्या वर असतानाही लोहाचा साठा संपलेला असू शकतो, म्हणून हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनही तपासून घ्यावे. बर्फ किंवा माती खावीशी वाटणे ही जुनी, ओळखीची खूण. जेवणासोबत चहा घेतल्याने लोह कमी शोषले जाते, भाजीवर लिंबू पिळल्याने जास्त. मात्र साठा रिकामा झाल्यावर नुसत्या आहाराने तो भरत नाही, डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या घ्याव्या लागतात.

याच्या उलट टोकाला पाळीच न येणे आहे. सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये रौप्य मिळवले. त्यांच्यानंतर पेठ, सुरगाणा, त्र्यंबक भागातल्या अनेक मुली लांब पल्ल्याच्या धावण्याकडे वळल्या. सराव वाढतो आणि खाणे तेवढेच राहते, तेव्हा शरीर पहिल्यांदा पाळी बंद करते. ‘पाळी गेली, बरेच झाले, सराव बुडत नाही’ असे मुली एकमेकींत बोलतात. प्रशिक्षकांनी हे ऐकले तर हसण्यावारी नेऊ नये. सलग तीन महिने पाळी न येणे हे तपासणीचे कारण आहे. इस्ट्रोजेन घटल्याने हाडे ठिसूळ होतात आणि नडगीला तडा जातो. उपाय अधिक खाणे आणि सराव कमी करणे हाच.

पाळीतल्या दुखण्यावर आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिड ही औषधे प्रोस्टाग्लँडिन कमी करतात, म्हणून कळा सुरू होताच खाऊन घेतलेली गोळी जास्त चालते. उन्हात लांब धावण्याआधी मात्र ती घेऊ नये, कारण शरीरातले पाणी कमी झाले असता मूत्रपिंडावर ताण येतो. पोटात व्रण किंवा दमा असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊच नये.

गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांना वरचे अवस्थांचे गणित लागू पडत नाही, कारण त्यांच्यात अंडोत्सर्ग बहुधा होत नाही आणि मधल्या सुट्टीत होणारा रक्तस्राव खरी पाळी नसते. नाशिकमध्ये आणखी एक प्रसंग दरवर्षी येतो. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारच्या ब्रह्मगिरी फेरीसाठी पाळी पुढे ढकलणाऱ्या गोळ्या घेतल्या जातात. नॉरएथिस्टेरॉनची ५ मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा, पाळीच्या तारखेच्या तीन दिवस आधीपासून, अशी सामान्य पद्धत आहे. गोळी थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. डोंगराभोवतीची चाल मोठी असते आणि या गोळीने पोट फुगणे, स्तन दुखणे, मळमळ होऊ शकते. ज्यांना पूर्वी रक्ताची गुठळी झाली आहे, किंवा डोळ्यांपुढे चमक येऊन अर्धशिशी उठते, त्यांनी शेजारणीकडून किंवा थेट दुकानातून ही गोळी आणू नये. पायाची पोटरी एकाच बाजूला सुजून दुखू लागली, किंवा अचानक धाप लागली, तर फेरी तिथेच सोडून दवाखाना गाठावा.