छपाईसाठी एआय चित्राची पूर्वआखणी

एआयकडून करून घेतलेले चित्र कागदावर छापायचे असेल, तर प्रॉम्प्ट लिहिण्याआधी पोस्टरचा आकार, समास, ब्लीड आणि रेझोल्यूशन ठरवून घेण्याच्या कामाला पूर्वआखणी म्हणता येईल. पडद्यावर बघायच्या चित्राला तिची गरज पडत नाही. छापील पोस्टरचे मात्र तसे नसते. चित्राचे गुणोत्तर चुकले की एखाद्याचे डोके कापले जाते, आणि तोवर हवे तसे जमून आलेले चित्र पुन्हा हुबेहूब मिळेल याची खात्री नसते.

आखणी कागदापासून सुरू होते. ए२ आकाराचे पोस्टर घेऊ. तयार पोस्टर ४२० × ५९४ मिमी. रंग थेट कडेपर्यंत हवा असेल, तर छापखाना साधारणपणे चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड, म्हणजे कापाच्या रेषेबाहेरचे जादा चित्र, मागतो. कटिंग मशीनखाली कागदांचा गठ्ठा किंचित सरकतो. चित्र नेमके कापाच्या रेषेवर संपवले, तर काही प्रतींच्या कडेला पांढरी रेघ राहते. हे टाळण्यासाठी चित्र रेषेच्या बाहेरपर्यंत न्यायचे आणि जादा भाग कापून टाकायचा. म्हणजे चित्र लागते ४२६ × ६०० मिमीचे, आणि त्याचे गुणोत्तर ७१:१०० येते. गुणोत्तर आकड्यांत देता येते अशा साधनात हेच आकडे द्यावेत. उदाहरणार्थ, मिडजर्नीत प्रॉम्प्टच्या शेवटी `--ar 71:100`.

अनेक साधने मात्र ठरावीकच मापे देतात. १०२४ × १५३६ पिक्सेल हे त्यांतले नेहमी भेटणारे माप. त्याचे गुणोत्तर २:३, म्हणजे ए२पेक्षा अधिक उभट. हे चित्र ४२६ मिमी रुंदीला बसवले की उंची ६३९ मिमी होते आणि ३९ मिमी चित्र जास्तीचे ठरते. वरून-खालून सारखे छाटले, तर प्रत्येकी साडेएकोणीस मिमी जातात. त्यात ब्लीडचे ३ मिमी मिळवायचे. शिवाय कापाच्या रेषेपासून आत निदान १० मिमी सुरक्षित समास सोडावा, म्हणजे अक्षरे किंवा चेहरा कडेला खेटत नाही. बेरीज साडेबत्तीस मिमी, म्हणजे चित्राच्या उंचीच्या सुमारे ५ टक्के. वरच्या आणि खालच्या एवढ्या पट्ट्यांत महत्त्वाचे काहीच नको. बाजूंना छाटणी नसल्याने तिथे ३ टक्के पुरतात.

हा हिशोब प्रॉम्प्टमध्ये उतरवायचा, पण आकड्यांच्या रूपात नव्हे. चित्र काढणाऱ्या मॉडेलला मिलिमीटर समजत नाहीत. ‘पोस्टर’ लिहिले तर ते बऱ्याचदा भिंतीवर टांगलेले, चौकटीतले पोस्टरच काढून देते. ‘समास सोड’ म्हटले तर चित्राभोवती पांढरी किनार येते, आणि ‘ब्लीड’ या शब्दाचा अर्थ ते ओघळणारा रंग असा घेऊ शकते. म्हणून छपाईच्या गरजेचे दृश्यात रूपांतर करावे लागते. समजा पोस्टरवर दीपगृह हवे आहे आणि वरच्या बाजूला मथळा येणार आहे. मग लिहावे: ‘संध्याकाळच्या समुद्रकाठी एक दीपगृह, चित्राच्या खालच्या दोन तृतीयांशात, कडांपासून दूर, त्याच्या टोकाच्या वर मोकळे, एकसारखे आकाश, तळाशी फक्त काळपट खडक, दृश्य चारही कडांच्या पलीकडे चालू राहणारे, कुठेही किनार किंवा चौकट नाही.’ आकाश मथळ्याला जागा देते, तर खडक कुठेही छाटले तरी चित्र बिघडत नाही. मॉडेल हे तंतोतंत पाळेलच असे नाही. शंका असेल तर विषय थोडा लहानच मागावा. कडेचे आकाश कापणे सोपे, दीपगृहाचे कापलेले टोक परत आणणे अवघड.

मथळ्याची अक्षरे चित्रात मागूच नयेत. देवनागरीतली जोडाक्षरे आणि मात्रा अनेकदा बिघडून येतात, आणि ती बरोबर आली तरी पिक्सेलमध्ये अडकलेली राहतात. इंकस्केप किंवा स्क्रायबससारख्या प्रोग्रॅममध्ये अक्षरे वेगळी बसवली की ती व्हेक्टर, म्हणजे पिक्सेलऐवजी गणिती रेषांनी बनलेली, राहतात आणि कितीही मोठी केली तरी त्यांची कड स्वच्छ राहते.

सर्वाधिक गैरसमज रेझोल्यूशनबद्दल आहेत. प्रॉम्प्टमध्ये ‘३०० डीपीआय’ किंवा ‘८के’ लिहिल्याने एकही पिक्सेल वाढत नाही. फाइलच्या माहितीत ७२ खोडून ३०० लिहिले तरी तेच. बदलतो तो फक्त छापील आकार. खरा प्रश्न कागदाच्या एका इंचात किती पिक्सेल येणार हा आहे. ४२६ मिमी म्हणजे सुमारे १६.८ इंच, १०२४ पिक्सेल त्यावर पसरले की इंचाला जेमतेम ६१ येतात. इंचाला ३०० हवे असतील, तर ब्लीडसह सुमारे ५०३२ × ७०८७ पिक्सेल लागतील.

पण भिंतीवरच्या पोस्टरला ३०० लागतातच असे नाही. निरोगी डोळ्याला साधारण एका कलेच्या, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाच्या, कोनापर्यंतचा बारकावा दिसतो. हातातल्या कागदाच्या अंतरावर, ३० सेंमीवरून, हे इंचाला जवळपास २९० पिक्सेल भरते. एक मीटरवरून फक्त ८७. लोक पोस्टरजवळ येऊनही वाचतात, त्यामुळे ए२साठी १५० ते २०० हे वाजवी लक्ष्य आहे. आपले चित्र अपस्केलरने, म्हणजे चित्राचे पिक्सेल वाढवणाऱ्या साधनाने, लांबी-रुंदीत चौपट केले की ४०९६ × ६१४४ पिक्सेल होते आणि इंचाला सुमारे २४४ मिळतात. एवढे भरपूर झाले.

अपस्केलर मात्र हरवलेला तपशील शोधून आणत नाही, तो अंदाजाने नवा रचतो. खडक, ढग, लाटा यांवर हे खपून जाते. दूरचे छोटे चेहरे, जाळ्या, विटांच्या ओळी यांत त्याची फसगत दिसते: त्वचा मेणासारखी गुळगुळीत होते, रेषा मध्येच वाकतात. म्हणून मोठ्या छपाईच्या चित्रात मुळातच ठळक आकार मागावेत आणि गर्दीचे बारीक तपशील टाळावेत. हा निर्णयही प्रॉम्प्टच्या आधीचाच.

चित्र हाती आले की मोठे करण्यापूर्वी त्यावर ७१:१०० ची चौकट ठेवून पाहावी. छाटणी दोन्हीकडून सारखीच केली पाहिजे असे बंधन नाही. दीपगृहाचे टोक वर खूप जवळ आले असेल, तर सगळे ३९ मिमी खालच्या खडकांतून कापावेत. कडेला मॉडेलने बारीक किनार काढली आहे का तेही तपासावे. अशी किनार राहू देऊ नये, कारण काप एक मिमी जरी सरकला तरी एका बाजूला ती जाड आणि दुसऱ्या बाजूला बारीक दिसते. ब्लीडला चित्र अपुरे पडत असेल, तर कड वाढवून घेणारे आउटपेंटिंग वापरता येते. साधे आकाश असेल तर शेवटचे काही मिलिमीटर आरशासारखे उलटवून जोडले तरी चालते, कारण तो भाग बहुतेक कापलाच जातो.

शेवटी संपूर्ण पोस्टर छापण्याआधी अंतिम फाइलमधला ए४ एवढा तुकडा, आकार न बदलता, छापून पाहावा. तुकडा सर्वांत नाजूक जागेचा निवडावा. इथे दीपगृहाचा कठडा आणि काचा. त्याच कागदावर रंगही कळतात. पडद्यावरचे झगझगीत निळे-हिरवे रंग चार शाईंच्या छपाईत मंद होतात, त्यामुळे संध्याकाळचे आकाश फार निस्तेज उतरले तर प्रॉम्प्टमध्ये निऑनसारख्या छटेऐवजी गेरू किंवा करडा निळा रंग मागावा आणि चित्र नव्याने करून घ्यावे.